आटे पाडण्याचा धडा आणि पायरीचे कार्ड

भारतात १९५० साली सुरू झालेल्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेखाली औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या आयटीआयमध्ये, प्रत्येक व्यवसायाचे शिक्षण दोन धारांनी चालते. एक धार कार्यशाळेतल्या प्रत्यक्ष कामाची आणि दुसरी वर्गातल्या ट्रेड थिअरीची, म्हणजे त्या व्यवसायाच्या सैद्धांतिक भागाची. फिटर या दोन वर्षांच्या व्यवसायाच्या २०२२ मधील सुधारित अभ्यासक्रमात वर्षाच्या १२०० तासांपैकी ८४० तास प्रत्यक्ष कामाला आणि २४० तास थिअरीला दिलेले आहेत, आणि ही वाटणी योग्यच आहे, कारण फिटरचे काम हाताने शिकायचे असते. मात्र तिचा परिणाम असा होतो की, थिअरीचे पुस्तक ज्या क्षणी खरोखर उपयोगी पडावे त्या क्षणी ते हाताशी नसते. प्रशिक्षणार्थी व्हाइससमोर उभा असतो, हातांना तेल लागलेले असते, तुकडा पकडीत असतो आणि त्याला हवी असलेली माहिती ओळ-दीड ओळीची असते. ती ओळ मात्र वर्गातल्या दप्तरात राहिलेल्या प्रकरणाच्या चौथ्या पानावर असते. उमेदवारी करणाऱ्या कामगाराची अडचण याहून मोठी, कारण त्याच्या दिवसात वाचनासाठी वेगळा तासच नसतो. अशा शिकणाऱ्यासाठी थिअरीच्या एका प्रकरणातून सचित्र पायरी-कार्डे कशी घडवावीत, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय असून, त्यासाठी फिटरच्या अभ्यासक्रमातील हाताने आटे पाडण्याचे, म्हणजे टॅपिंगचे, एकच प्रकरण निवडले आहे.

टॅप हे कठीण पोलादाचे, स्क्रूसारख्या दातांचे आणि उभ्या खाचा असलेले हत्यार होय. ते आधी पाडलेल्या भोकात फिरवले की भोकाच्या आतल्या भिंतीवर आटे कापले जातात आणि त्यात बोल्ट बसतो. या विषयाचे पाठ्यपुस्तकातले प्रकरण साधारणपणे टॅपच्या व्याख्येने सुरू होते, मग त्याचे भाग, संचातले तीन टॅप, टॅप फिरवण्याच्या रेंचचे प्रकार, भोकाचा व्यास काढण्याचे सूत्र, कोणत्या धातूला कोणते तेल, काम करण्याची रीत आणि शेवटी घ्यायची काळजी असा त्याचा क्रम असतो. तुटलेला टॅप काढण्याचे उपाय तर पुष्कळदा वेगळ्याच धड्यात येतात. विषय समजून घेण्यासाठी आणि परीक्षेसाठी हा क्रम चांगला आहे. परंतु व्हाइससमोर उभा असलेला शिकाऊ या क्रमाने विषयाला भेटत नाही. त्याला टॅपची व्याख्या आठवण्याची गरज पडत नाही. त्याला गरज पडते ती टॅप सरळ उभा आहे की कललेला, हे या क्षणी कसे ओळखावे, याची. म्हणून कार्ड करणे म्हणजे प्रकरण आखूड करणे, हा समज प्रथम बाजूला ठेवावा लागतो. आखूड केलेले प्रकरण हे प्रकरणच राहते, त्याचा क्रम वाचकाचा असतो. कार्डाचा क्रम हाताचा असावा लागतो.

हाताच्या क्रमाने काम मांडण्याची एक रीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत पक्की झाली. कारखान्यांत एकाएकी भरती झालेल्या नवख्या कामगारांना लवकर तयार करण्यासाठी १९४० ते १९४५ या काळात तिथे ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ ही सरकारी सेवा चालवली गेली आणि तिने मुकादमांना खिशात मावणारे एक छोटे कार्ड दिले. त्या पद्धतीत कामाची दोन अंगे वेगळी केली जात. एक महत्त्वाची पायरी, म्हणजे कामाचा असा तुकडा ज्याने काम पुढे सरकते. आणि दुसरे त्या पायरीतले मर्म, म्हणजे जी गोष्ट साधली तर काम जमते व चुकली तर बिघडते, जिच्यामुळे कामगाराला इजा होऊ शकते किंवा जी ठाऊक असली की काम सोपे जाते. पायरी आणि मर्म यांची ही फोड आजही उपयोगी आहे, कारण पाठ्यपुस्तकातली वाक्ये दिसायला एकाच तोलाची असतात. ‘टॅप रेंचमध्ये बसवावा’ आणि ‘टॅप फिरवत नसताना बाजूने दाब देऊ नये’ ही दोन वाक्ये एकाच परिच्छेदात, एकाच टंकात शेजारी बसलेली असतात. प्रत्यक्षात पहिले चुकले तर शिकाऊ लगेच ते दुरुस्त करतो आणि दुसरे चुकले तर टॅप मोडतो.

तेव्हा कार्ड करणाऱ्याचे पहिले काम चित्र काढण्याचे नसून निवडण्याचे आहे. प्रकरणातले प्रत्येक वाक्य घेऊन ते चारपैकी कोणत्या ढिगात जाते हे ठरवावे: हात काय करतो, डोळा काय तपासतो, असे का करायचे, आणि केवळ माहिती. पहिल्या दोन ढिगांतून कार्डे होतात. तिसऱ्यातले एखादेच वाक्य, तेही मर्माच्या शेजारी, कार्डावर येते. चौथा ढीग पुस्तकातच ठेवावा, आणि तो पुस्तकात ठेवताना मन घट्ट करावे लागते, कारण शिकवणाऱ्याचे प्रेम बहुधा त्याच ढिगावर असते.

भोकाच्या व्यासाचे सूत्र हे याचे चांगले उदाहरण ठरेल. एम १० हा मेट्रिक मापाचा आटा घेतला, तर बोल्टचा बाहेरचा व्यास १० मिलिमीटर आणि लागोपाठच्या दोन आट्यांमधले अंतर, म्हणजे पिच, १.५ मिलिमीटर असते. आट्याची खोली पिचच्या ०.६१३४ पट धरली तर ती सुमारे ०.९२ मिलिमीटर येते, दोन्ही बाजूंची मिळून १.८४, आणि १० मधून ती वजा केली की ८.१६ उरतात. एवढ्या व्यासाचे भोक पाडले तर आटे पूर्ण खोलीचे होतील, परंतु टॅपला इतका धातू कापावा लागेल की तो अडकून मोडण्याची भीती वाढेल. शिवाय बोल्ट घट्ट धरून ठेवायला पूर्ण खोलीच्या आट्यांची गरजही नसते. म्हणून व्यवहारात बाहेरच्या व्यासातून पिच वजा करण्याचा सोपा नियम वापरतात, ८.५ मिलिमीटरचे ड्रिल घेतात आणि आट्याची खोली पूर्ण खोलीच्या साधारण ८१.५ टक्के मिळते. हा सगळा हिशेब सुंदर आहे, शिकाऊ माणसाने तो वर्गात एकदा स्वतः सोडवलाच पाहिजे. मात्र कार्डावर त्यातले एकच येते: ड्रिलचे चित्र, त्याच्या दांड्यावर कॅलिपर लावलेला आणि शेजारी ‘८.५’ हा ठळक आकडा. त्याखाली मर्माची ओळ, ‘याहून लहान भोक घेतले तर टॅप अडकतो’. टॅपवर जे रोमन अक्षर आणि जो आकडा कोरलेला असतो, तो मात्र कार्डावर जसाच्या तसा छापावा, कारण शिकाऊ तो वाचत नाही, हत्यारावरच्या खुणेशी जुळवून पाहतो.

यानंतर प्रश्न येतो तो पायरी कुठे तोडावी याचा. येथे सर्वांत भरवशाची खूण अशी की, जिथे हातातले हत्यार बदलते किंवा जिथे हात थांबून डोळ्याला काम लागते, तिथे नवे कार्ड सुरू करावे. वीस मिलिमीटर जाडीच्या माइल्ड स्टीलच्या पट्टीत आरपार भोकाला एम १० चे आटे पाडण्याचे काम या खुणेने तोडले तर आठ कार्डे होतात. जागा आखून सेंटर पंच मारणे. ८.५ चे भोक आरपार पाडणे. भोकाच्या दोन्ही कडा काउंटरसिंकने हलक्या उतरत्या करणे. तुकडा व्हाइसमध्ये वरचे पृष्ठ आडवे राहील असा पकडणे. पहिला टॅप उभा धरून, दाबत फिरवून धरवणे. टॅपचा उभेपणा गुण्याने तपासणे. तेल घालून पुढे-मागे फिरवत आटे कापणे. आणि दुसरा व तिसरा टॅप फिरवून, भोक साफ करून बोल्टने तपासणे. पाठ्यपुस्तकात यातली पाचवी, सहावी आणि सातवी पायरी पुष्कळदा एकाच परिच्छेदात असतात, आणि बिघाड जवळजवळ नेहमी त्या तीन पायऱ्यांतच होतो. म्हणून कार्डांच्या संख्येत समतोल शोधू नये; पहिल्या चार पायऱ्यांना एकेक साधे चित्र पुरते, पुढच्या तीन पायऱ्यांना मोठी आणि शक्य तर दोन-दोन चित्रे द्यावीत.

सहाव्या कार्डाकडे थोडे अधिक लक्ष द्यावे लागेल. पहिला टॅप पुढच्या टोकाला बराच निमुळता असतो, त्यामुळे तो भोकात शिरतो, परंतु सुरुवातीला तो कुठल्याही दिशेला कलू शकतो. एक-दोन आटे कापले जाईपर्यंत त्याला भोकाचा आधार मिळत नाही, म्हणून त्याआधी गुण्या लावून उपयोग नसतो; आणि तो खोल गेल्यावर पाडलेले आटेच त्याला आपल्या कललेल्या दिशेने ओढत राहतात, म्हणून त्यानंतर दुरुस्ती होत नाही. म्हणजे तपासणीची संधी फार थोडा वेळ उघडी असते. या वेळी टॅप न हलवता रेंच काढून घ्यायचा, गुण्याचा जाड दांडा तुकड्याच्या वरच्या पृष्ठावर ठेवायचा, त्याचे पाते टॅपला टेकवायचे, आणि मग तीच तपासणी काटकोनात वळून दुसऱ्या बाजूने करायची, कारण एका बाजूने सरळ दिसणारा टॅप दुसऱ्या बाजूने कललेला असू शकतो. कल दिसला तर ज्या बाजूला टॅप झुकला आहे तिच्या उलट बाजूने किंचित अधिक दाब द्यायचा, आणि तो दाब टॅप फिरत असतानाच द्यायचा. कडक पोलाद ठिसूळ असते. उभ्या टॅपला नुसते बाजूने रेटले तर तो वाकत नाही, तुटतो. या एका कार्डावर दोन चित्रे लागतात, गुण्या समोरून लावलेला आणि गुण्या बाजूने लावलेला, आणि दोन्ही चित्रांत रेंच नसल्याचे दिसले पाहिजे. रेंच काढायचा ही गोष्ट पुस्तकात अर्ध्या वाक्यात येते, पण चित्रकाराने ती विसरून रेंचसह टॅप काढला, तर शिकाऊ चित्रावर विश्वास ठेवून गुण्या रेंचला अडखळत लावू पाहतो.

चित्रातला कल किती दाखवावा, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही. खरा घातक कल दोन-तीन अंशांचा असतो आणि तेवढा काढला तर तो छपाईत दिसत नाही; ठळक दिसावा म्हणून पंधरा अंशांचा काढला, तर शिकाऊ असे धरून चालतो की एवढा मोठा नसलेला कल चालतो. या पेचातून सुटण्याचा मार्ग असा की, टॅपचा कल दाखवण्याऐवजी गुण्याचे पाते आणि टॅप यांच्यामधली उजेडाची फट दाखवावी, आणि ती एका वर्तुळात मोठी करून काढावी. शिकाऊला प्रत्यक्षात जी खूण शोधायची आहे ती फटच आहे, कोन नाही. हा विचार सर्वच तपासणीच्या चित्रांना लागू पडतो: जे डोळ्याला दिसते ते काढावे, जे भूमितीत असते ते नव्हे.

सातव्या कार्डाची अडचण वेगळ्या जातीची आहे. आटे कापताना रेंच अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असा फिरवतात, कारण मागे फिरवल्याने कापलेल्या धातूचा कीस तुटतो आणि टॅपच्या खाचांत दाटून बसत नाही. ही गती समोरून काढलेल्या चित्रात बाणाने दाखवली, तर बाणाचे वळण टॅपच्या पुढून जाते की मागून, हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही आणि दिशा उलटी समजली जाते. वरून पाहिलेला रेंच काढला की ही संदिग्धता संपते. एक लांब जाड बाण अर्ध्या फेऱ्याचा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, आणि एक आखूड बाण पाव फेऱ्याचा उलट दिशेने. त्यासोबत बाणांची शिस्तही राखावी लागते. जाड वळणदार बाण फक्त हालचालीसाठी वापरावा आणि भागाकडे बोट दाखवायला बाणाचे टोक नसलेली बारीक रेघ घ्यावी. एकाच संचात दोन्हींसाठी बाण वापरले तर ‘तेल’ या शब्दाकडून टॅपकडे जाणारी रेघ ही दाबाची दिशा समजली जाते. शेजारी मर्माची ओळ येईल, ‘आटे लागल्यावर वरून दाबू नका’, कारण एकदा दात धरले की टॅप आपल्या आट्यांनीच खाली जातो.

चित्राची बाजू कामगाराची असावी, प्रेक्षकाची नसावी. शिकाऊच्या खांद्यावरून पाहिल्यासारखे काढलेले हात त्याला आपले वाटतात. समोरून काढलेल्या हातांची डावी-उजवी बाजू त्याला मनात उलटी करावी लागते. छायाचित्रापेक्षा रेघांचे चित्र या कामाला सरस आहे, कारण छायाचित्रात व्हाइसचा गंज, टेबलावरचा कीस आणि मागची भिंत हे सगळे टॅपइतकेच ठळक येते. चुकीची रीत दाखवून तिच्यावर फुली मारण्याचा मोह बहुतेकांना होतो, मात्र ती फुली लाल असली आणि कार्डाची काळी-पांढरी झेरॉक्स निघाली, किंवा तेलाच्या बोटांनी ती पुसट झाली, तर उरते ते चुकीचेच चित्र. चूक दाखवायचीच असेल तर ती कार्डाच्या मागच्या बाजूला, लहान आकारात आणि ती चूक ज्या दोषात दिसते त्या दोषासह दाखवावी: मोडलेला टॅप, फाटलेले आटे, तिरपा बसलेला बोल्ट.

प्रकरण आणि चित्र यांच्यामध्ये निवड करणारी व्यक्ती वेगळी असते, ही समज ऑटो नॉयराथ यांनी १९२५ साली व्हिएन्नात स्थापन केलेल्या समाज आणि अर्थव्यवहारविषयक संग्रहालयातून चालत आली आहे. पुढे आयसोटाइप म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या चित्रपद्धतीत तज्ज्ञ आणि चित्रकार यांच्या मधली जागा मारी राइडेमाइस्टर, म्हणजे नंतरच्या मारी नॉयराथ, सांभाळत. तज्ज्ञाकडच्या माहितीतून लोकांना सांगायचे काय आणि ते चित्रात बसवायचे कसे, हे त्या ठरवत. आयटीआयच्या कार्यशाळेत ही मधली जागा शिल्प निदेशकाची, म्हणजे प्रत्यक्ष काम शिकवणाऱ्या शिक्षकाची आहे. चित्रे कुणाकडूनही काढून घेता येतात, मजकूर कुणीही टंकू शकतो; मात्र शिकाऊचा हात कुठे अडतो हे रोज पाहणारा तो एकटाच असतो, आणि म्हणून निवडीचा अधिकार त्याने चित्रकाराकडे किंवा छापखान्याकडे सोपवू नये.

मजकुराबाबत थोडक्यात सांगता येईल. प्रत्येक कार्डावर कृतीची एक ओळ आणि मर्माची एक ओळ पुरे. शब्द कार्यशाळेत चालतात तेच, टॅप, रेंच, गुण्या, आटे, व्हाइस असे घ्यावेत. वाचनाच्या अंतराला दोनशेने भागून अक्षराची किमान उंची काढण्याचा प्रचलित ठोकताळा धरला, तर बाकावर साठ सेंटिमीटरवर ठेवलेल्या कार्डासाठी ती तीन मिलिमीटर येते, आणि देवनागरीत वरच्या-खालच्या मात्रांसाठी ओळींत त्याहून मोकळी जागा सोडावी लागते. साध्या कागदाच्या चौथाईएवढे, साधारण १०५ गुणिले १४८ मिलिमीटरचे कार्ड एका हातात मावते आणि लॅमिनेट केले की तेल पुसता येते. मात्र चकचकीत आवरणावर दिव्याची चमक पडून चित्र दिसेनासे होते, म्हणून मंद आवरण घ्यावे. कार्डे कडीत ओवून व्हाइसजवळ ठेवावीत, परंतु ड्रिलिंग मशीनशेजारी दोरीने टांगू नयेत. फिरत्या ड्रिलजवळ लोंबणारी दोरी ही इजेची जागा आहे.

कार्डांचा संच तयार झाल्यावर त्याची परीक्षा एकाच रीतीने होते. ज्याने हे काम पूर्वी केलेले नाही अशा प्रशिक्षणार्थ्याला साहित्य आणि कार्डे द्यावीत, आणि शिल्प निदेशकाने जवळ उभे राहून काही न बोलता पाहावे. इजेचा धोका दिसला तरच थांबवावे. शिकाऊला ‘समजले का’ असे विचारून काही हाती लागत नाही, कारण तो हो म्हणतो. त्याचा हात कुठे थांबतो, तो कोणत्या कार्डाकडे परत जातो, कोणते कार्ड न पाहताच पुढे जातो, एवढे टिपून घ्यावे. पाचव्या कार्डावरून हात थेट सातव्यावर गेला तर दोष शिकाऊचा नसतो. तपासणीचे कार्ड कामाच्या कार्डांसारखेच दिसत असल्याने तो ते ओलांडून जातो. अशा वेळी तपासणीच्या कार्डाला जाड चौकट किंवा डोळ्याची खूण द्यावी आणि परीक्षा दुसऱ्या नवख्यावर पुन्हा करावी. संचातले तीन टॅप एकमेकांपासून ओळखण्याचेही असेच आहे. काही संचांवर पहिल्या टॅपच्या दांड्यावर एक आणि दुसऱ्यावर दोन रेषा कोरलेल्या असतात, परंतु सर्वच कारखाने ही खूण देत नाहीत. म्हणून कार्डावर रेषांचे नव्हे, तर टोकांच्या निमुळतेपणाचे चित्र, तिन्ही टॅप शेजारी ठेवून आणि खऱ्या आकारात काढावे. शिकाऊ हातातला टॅप चित्रावर ठेवून पाहतो आणि पुढच्या कृतीकडे वळतो.

कार्डांची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. टॅप मोडण्याच्या आधी रेंच जड होतो, मग किंचित लवचीक झाल्यासारखा वाटतो; हा जडपणा आणि ही लवचीकता मनगटाने ओळखायची गोष्ट आहे आणि तिचे चित्र निघत नाही. ती निदेशकाने शिकाऊच्या हातावर हात ठेवूनच शिकवायची असते. आरपार नसलेल्या, तळ असलेल्या भोकासाठी वरचा आठ कार्डांचा संच वापरणे तर धोक्याचे ठरते, कारण तिथे भोक आट्यांच्या लांबीपेक्षा खोल पाडावे लागते, कीस तळाशी साचतो, टॅप पुन्हा पुन्हा बाहेर काढून भोक साफ करावे लागते आणि टॅप तळाला टेकल्यावर आणखी जोर लावला की तो मोडतो. म्हणून संचाच्या पहिल्या कार्डावरच आरपार भोकाचा उभा छेद काढून हे कार्ड कोणत्या कामाचे आहे ते सांगावे, आणि तळाच्या भोकासाठी संच वेगळा करावा. धातू बदलला की तेलही बदलते: माइल्ड स्टीलला कापण्याचे तेल लागते, बीड कोरडेच कापले जाते, ॲल्युमिनियमला रॉकेल चालते. हा फरक कार्डाच्या कोपऱ्यात तक्त्याने कोंबण्याऐवजी धातूचे नाव कार्डाच्या माथ्यावर घालणे अधिक सुरक्षित ठरते.

तुटलेला टॅप कसा काढायचा, आट्यांची टक्केवारी कशी काढायची, टॅपला खाचा का लागतात, या गोष्टी प्रकरणातच राहतील आणि थिअरीच्या परीक्षेत विचारल्याही जातील. कार्डांवर वाढलेला शिकाऊ पुस्तक न वाचता उत्तीर्ण होईल, अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. परंतु ज्याने सहाव्या कार्डाप्रमाणे गुण्याची फट दोन्ही बाजूंनी पाहिली आहे, त्याला टॅप कलला तर का मोडतो हे प्रकरणातले वाक्य पहिल्या वाचनात कळते, आणि थिअरीच्या थोड्या तासांत एवढे झाले तरी ते मोठे आहे. राज्यातल्या शिल्प निदेशकांनी हे काम पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणापासून हाती घेऊ नये. आपल्या कार्यशाळेत ज्या कामात सर्वाधिक हत्यारे मोडतात आणि सर्वाधिक तुकडे वाया जातात, ते काम शोधावे आणि त्याच्या तपासणीचे एक कार्ड प्रथम करावे.